सातशे खोकी, दोन भाषा आणि एक वही

काजूगराच्या वीस फुटी कंटेनरमध्ये सातशे खोकी बसतात. खोक्यात पंचवीस पौंडांच्या दोन पिशव्या, म्हणजे खोक्याला पन्नास पौंड आणि कंटेनरला पस्तीस हजार. भाव ठरतो डॉलरमध्ये, पौंडाला. बोलण्याच्या ओघात २.९५ चा आकडा २.९० असा पोचला, तर कंटेनरमागे १,७५० डॉलरचा फरक पडतो. सौदा पाच कंटेनरचा असेल तर ८,७५० डॉलरचा.

विकणारा व्हिएतनामी बोलतो, घेणारा इंग्रजी. हा आकडा पोचवायची जबाबदारी मधे बसलेल्या तिसऱ्या माणसावर असते. त्याच्या हातात पेन्सिल आणि वरून उलटणारी स्प्रिंगची वही, बस्स. कानाला यंत्र नाही, काचेची खोलीही नाही. एकजण दोन-तीन मिनिटं बोलून थांबतो, मग दुभाषी तेच दुसऱ्या भाषेत बोलतो. या पद्धतीला कॉन्सिक्युटिव्ह इंटरप्रिटिंग म्हणतात. मोठ्या परिषदांमध्ये आता वक्त्याच्या बोलण्याबरोबरच भाषांतर चालतं. धंद्याच्या टेबलावर मात्र अजूनही हीच जुनी रीत आहे, कारण तिथं माणसं चार-सहाच असतात आणि प्रत्येकाला समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायचं असतं.

जगात सर्वाधिक काजूगर निर्यात करणारा देश व्हिएतनाम. तिथली काजूची राजधानी म्हणजे दक्षिणेतला बिन्ह फुओक हा भाग. २०२५ च्या जुलैपासून तो कागदोपत्री डोंग नाय प्रांतात विलीन झाला असला तरी व्यापारी अजून जुनंच नाव घेतात. कच्चा काजू मोठ्या प्रमाणावर कंबोडिया आणि आफ्रिकेतून येतो, इथे फोडला, सोलला, निवडला जातो आणि अमेरिका, युरोप, चीनकडे जातो. प्रतवारीची भाषा वेंगुर्ले किंवा गोव्याच्या काजूवाल्यांना तोंडपाठ असलेलीच आहे. ३२० नंबर म्हणजे पौंडाला साधारण तीनशे ते तीनशे वीस अख्खे पांढरे गर बसतील तो माल. प्रतवारीचे हे आकडे कुठल्याही भाषेत सारखेच राहतात. दुभाष्याचं काम अडतं ते त्यांच्या आजूबाजूच्या बोलण्यात.

बैठकीच्या आधी

नमुन्यादाखल एक बैठक घेऊ. हो चि मिन्ह शहरात एक व्हिएतनामी निर्यातदार आणि एक डच आयातदार यांच्यात ३२० नंबरचा सौदा व्हायचा आहे. माणसं आणि भाव कल्पित आहेत, पण मुद्दे अशा टेबलावर नेहमी येणारेच आहेत. दुभाषी डच बाजूने नेमलेली आहे. हातात तीन दिवस आहेत.

पहिल्या दिवशी ती शब्दांच्या यादीला हात लावत नाही. ती कागद मागते: गेल्या वर्षीचा करार, यंदाच्या मसुद्याची प्रत, भावाबद्दल झालेल्या ईमेल, आणि दोन्ही बाजूंनी कोण कोण बसणार त्यांची नावं आणि हुद्दे. जुन्या कराराची तयारी एकाच प्रकारे होते. समोर इंग्रजी कलम ठेवायचं आणि मोठ्याने व्हिएतनामीत वाचत सुटायचं, मग उलट. जीभ अडखळेल तिथे खूण करायची. यादी त्या खुणांतून तयार होते आणि ती सहसा पन्नास-साठ शब्दांपलीकडे जात नाही: ओलाव्याची मर्यादा, तुकडा, करपलेला गर, निर्वात पिशवी, जहाजावर चढवलेला माल, दस्तऐवजांवर पैसे, नमुन्याची मंजुरी. शेकडो शब्दांची तयार यादी कुणी दिली तरी ती कामाची नसते, कारण बैठकीत शोधायला वेळ नसतो. शब्द जिभेवर हवा.

दुसरा दिवस धंदा समजून घेण्यात जातो. कच्च्या काजूचा भाव कशावर चढतो? ऐंशी किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो यावर तो ठरतो. सत्तेचाळीस पौंड देणारं पोतं आणि पन्नास पौंड देणारं पोतं, दोन्हींचा भाव वेगळा. हे ज्याला माहीत नाही त्याला निर्यातदाराच्या तोंडून ‘यंदा अठ्ठेचाळीसच येतंय’ हे वाक्य ऐकू आलं, तर अठ्ठेचाळीस काय ते कळणारच नाही. टिपणात तो ४८ लिहील, पण त्याच्यापुढे काही लिहू शकणार नाही.

पैशांच्या कलमाची गोष्टही तशीच. २०२२ च्या मार्चमध्ये इटलीला निघालेल्या शंभर काजू-कंटेनरच्या व्यवहारात पस्तीसेक कंटेनरची मूळ कागदपत्रं व्हिएतनामी निर्यातदारांच्या हातून गेली आणि देशभर खळबळ उडाली. जहाजावरच्या मालाचा मालक कोण, हे मूळ कागद कुणाकडे आहेत यावरून ठरतं. खरेदीदाराच्या बँकेत कागद जायचे, पैसे भरल्यावर ते खरेदीदाराला मिळायचे, अशी ती पद्धत होती. त्या प्रसंगापासून आगाऊ रक्कम आणि कागदपत्रं हे विषय निघाले की निर्यातदारांचा आवाज बदलतो. या पार्श्वभूमीची कल्पना असलेली दुभाषी ‘तीस टक्के आगाऊ’ हे शब्द आले की त्यांच्या आजूबाजूच्या अटी टिपायला आधीच सावध झालेली असते.

तिसऱ्या दिवशी ती आपल्याच अशिलाशी अर्धा तास बोलते. तुमची सगळ्यात खालची किंमत सांगा, असं ती विचारत नाही, तो तिचा विषय नाही. ती विचारते की कुठले आकडे टेबलावर येणार, कुठल्या विषयाला हात लागू नये असं वाटतं, आणि आमच्या खुर्च्या कशा लागणार. शेवटचा प्रश्न पोकळ नाही. दुभाषी अशिलाच्या शेजारी, किंचित मागे बसली की दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांकडे बघून बोलतात. ती मधोमध बसली, तर सगळे तिच्याकडे बघून बोलू लागतात आणि ‘त्यांना सांगा की...’ अशी वाक्यं सुरू होतात. मग ‘मी’ आणि ‘तो’ यांची गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

याच वेळी एक विनंती ठरवून घेतली जाते: आकडा आला की तो वक्त्याने कागदावर लिहून समोर सरकवावा. दोन्ही बाजू सहसा आनंदाने मान्य करतात.

आकडे ऐकू येतात, पण अर्धेच

व्हिएतनामी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा हजार, दशलक्ष, अब्ज या पायऱ्यांनी मोजतात. लाख-कोटीतून येणाऱ्या भारतीय दुभाष्याला जो घोळ भोगावा लागतो तो इथे नाही. घोळ दुसराच आहे. व्हिएतनामी बाजारात शेवटची पायरी बोलायची पद्धत नाही. कच्चा काजू किलोला अठ्ठावीस हजार पाचशे डोंग असेल, तर विक्रेता म्हणतो ‘अठ्ठावीस अर्ध’. हजार हा शब्द गायब. ‘चाम रुअई’ म्हणजे शंभर आणि अर्धं, अर्थात दीडशे. मराठी माणसाला यात वावगं वाटणार नाही, तोही ‘दीडशे’ म्हणताना शंभर आणि पन्नास असं बोलत नाही. इंग्रजीत सांगताना मात्र दीडशे पूर्ण उच्चारावे लागतात.

त्याहून फसवं असं की ‘चाम हाइ’, शब्दशः शंभर-दोन, म्हणजे एकशे वीस. एकशे दोन म्हणायचं असेल तर मधे शून्यासाठी एक शब्द घालावा लागतो, उत्तरेत ‘लिन्ह’, दक्षिणेत ‘ले’. इंग्रजीवर वाढलेला दुभाषी ‘चाम हाइ’ ऐकून १०२ लिहितो. ‘एक दशलक्ष दोन’ म्हणजे बारा लाख, दहा लाख दोन नव्हे. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: मधे काही शब्द नसेल तर मागचा आकडा एका पायरीने खाली उतरतो. पण टेबलावर नियम आठवायला वेळ नसतो. म्हणून याचा सराव आकड्यांच्या फिती ऐकून, रोज थोडा, ऐकताक्षणी पूर्ण आकडा लिहून केला जातो.

डोंगची शून्यं हा वेगळा त्रास. एका डॉलरला सुमारे सव्वीस हजार डोंग धरले तर लाखभर डॉलरचे दोन अब्ज साठ कोटी डोंग होतात. शून्यं मोजत बसलं की पुढचं वाक्य निसटतं. अनुभवी दुभाषी शून्यं लिहीतच नाही. हजारासाठी एक खूण, दशलक्षासाठी दुसरी, अब्जासाठी तिसरी: २.६ आणि पुढे अब्जाची खूण, झालं. खिशात एक कार्ड असतं, त्यावर पौंडाचे किलो, डॉलरचे डोंग, कंटेनरचे पौंड आणि टन. ३५,००० पौंड म्हणजे १५,८७६ किलो, हे बैठकीत गुणायचं काम नाही.

लिखाणातही अडचण आहेच. व्हिएतनामी कागदावर १.५०० म्हणजे दीड हजार आणि १,५ म्हणजे दीड. इंग्रजी कागदावर याच्या उलट. समोरच्याने सरकवलेल्या चिठ्ठीवर टिंब आहे की स्वल्पविराम, हे बघून नाही, तर बोलून पक्कं करायचं.

कागद कसा आखतात

१९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत पॉल मांतू या फ्रेंच इतिहासकाराने लांबलांब भाषणांचं भाषांतर थेट सभेत केलं, तेव्हापासून या विद्येला प्रतिष्ठा आली. टिपणं कशी घ्यावी हे व्यवस्थित मांडलं जिनिव्हाच्या जाँ-फ्रांस्वा रोझाँ यांनी, १९५६ सालच्या एका छोट्या पुस्तकात. त्यांची तत्त्वं सातच आहेत: शब्द नाही, कल्पना लिहा, शब्द तोडताना नियमाने तोडा, जोडणारे शब्द जरूर लिहा, नकार आणि भर स्पष्ट दाखवा, वरून खाली लिहा, आणि प्रत्येक नवी कल्पना आधीपेक्षा थोडी उजवीकडे सरकवा. खुणा त्यांनी वीसच सुचवल्या. पुढे १९८९ मध्ये जर्मनीत हाइन्त्स माटिसेक यांनी खुणांची मोठी व्यवस्था मांडली. त्यावर शिक्षकांमध्ये मतभेद आहेत. नवशिक्यांचा अनुभव मात्र बहुधा एकच असतो: तीस खुणा एकदम शिकल्या की बैठकीत त्यातल्या पाच आठवतात आणि सहावी शोधताना वाक्य जातं. म्हणून आधी दहा-बाराच पक्क्या करतात: वाढ, घट, बरोबर, वेगळं, पासून-कडे, हवं, अशक्य, कदाचित, प्रश्न, करार.

व्हिएतनामीत शब्द तोडण्याची सवय आणखी अंगाशी येते. मराठीत ‘कंप’ वाचून ‘कंपनी’ आठवते. बरेच व्हिएतनामी शब्द एकाच अक्षरावयवाचे, आणि सुरावर अर्थ बदलणारे. सुराच्या खुणा गाळून ‘बान’ असं लिहिलं, तर ते विकणं, मित्र, टेबल, प्रत यांपैकी काहीही असू शकतं. ‘मुआ’ म्हणजे खरेदी, मोसम आणि नृत्यही. आद्याक्षरांची तऱ्हा निराळी नाही: व्हिएतनामी कार्यालयांत नेहमी वापरलं जाणारं ‘एचडी’ हे लघुरूप करार, पावती आणि मंडळ यांपैकी कुठलंही असतं, आणि ‘टीटी’ हे पेमेंट, बाजार किंवा बँकेतून पाठवलेली रक्कम. म्हणून विकणं-घेणं बाणांनी लिहायचं आणि लघुरूपं तयारीच्या दिवशीच ठरवून घ्यायची: या बैठकीत ‘एचडी’ म्हणजे करारच, पावतीसाठी चौकोन.

कागदाच्या डावीकडे उभी रेघ मारून अरुंद पट्टी ठेवतात. त्यात जोडणारे शब्दच जातात. व्हिएतनामी भाषेत ते जोडीने येतात: ‘जर... तर’, ‘कारण... म्हणून’, ‘जरी... तरी’. वक्ता आधी परिस्थिती, मग कारण, मग अडचण सांगतो आणि मुद्दा शेवटी येतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला मुद्दा लवकर हवा असतो. डाव्या पट्टीकडे एक नजर टाकली की मुद्दा कुठे आहे हे कळतं.

आता नमुन्याच्या बैठकीत निर्यातदार बोलतोय:

‘गेल्या वर्षी आपण दोघांनी मिळून चांगलं काम केलं, त्याबद्दल आमच्या संचालकांच्या वतीने आभार. पण यंदा कंबोडियाचा कच्चा माल महाग झालाय, मजुरीही वाढलीये. त्यामुळे ३२० नंबर दोन पंच्याण्णवच्या खाली देणं आम्हाला जरा अवघड आहे. पण तुम्ही पाच कंटेनर घेतलेत आणि तीस टक्के आगाऊ दिलेत, तर दोन नव्वदचा विचार करता येईल. माल टेटच्या आधी देऊ.’

हे ती इंग्रजीत सांगणार आहे. तिच्या वहीतलं पान, अक्षरं देवनागरीत करून, असं दिसतं:

```
       │ गे.व.
       │    आपण २  ✓
       │       आभार ← संचा.
  पण   │ यंदा
       │    कच्चा (कंबो.) ↑
       │    मजुरी         ↑
  ∴    │ आ
       │    ३२०  < २.९५
       │         ~ अवघड
  जर   │ तु
       │    ५ कं.
       │    + ३०% आगाऊ
  तर   │ आ → २.९० (विचार)
       │ माल │ टेट ← ?
 ──────┴───────────────
```

यात शब्द वीसेकच आहेत, पण नाती सगळी आहेत. ‘आपण’ आणि ‘आ’ वेगळे लिहिलेत, कारण व्हिएतनामीत मराठीसारखाच भेद आहे: समोरच्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम. गेल्या वर्षीचं काम दोघांनी मिळून केलं, आणि अवघड मात्र निर्यातदाराला एकट्याला जातंय. इंग्रजीत हा फरक वाक्यात नाव घालून सांगावा लागतो. आणखी एक फसवा शब्द ‘बेन मिन्ह’, अर्थात ‘आपली बाजू’. तो कधी बोलणाऱ्याची बाजू असतो, कधी समोरच्याची. टिपणात तिथे बाजूचं नाव लिहिलं नाही, तर वाचताना ते कळणार नाही.

‘अवघड’ पुढे नागमोडी खूण आहे, ती ‘जरा’ साठी. ‘हइ खो’ म्हणजे जरा अवघड. व्यापारी सौजन्यात ते बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. पण दुभाषी ‘नाही’ असं भाषांतर करत नाही. तो निर्यातदाराचा पवित्रा आहे, तिचा नाही. ती ‘जरा अवघड’ असंच पोचवते. मध्यंतरात डच अशिलाने विचारलं, तर तिथे ती सांगू शकते की हे उद्गार दक्षिणेत कसे घेतले जातात. दर वाक्याआधी येणाऱ्या ‘या’ चंही तसंच आहे. तो बहुधा ‘ऐकतोय, बोला’ या अर्थाचा आदर असतो. त्याला होकार समजून इंग्रजीत ‘हो’ म्हणून टाकलं, तर पुढच्या वाक्यावर घोटाळा उभा राहतो.

‘विचार’ हा शब्दही कंसात आहे. २.९० ला मान्यता मिळालेली नाही, विचार करता येईल इतकंच म्हटलंय. थकलेल्या दुभाष्याच्या तोंडून इथे सहज ‘देतो’ निघून जातं, आणि आयातदार बोलणी संपली असं समजतो.

शेवटी टेटपुढे प्रश्नचिन्ह. टेट म्हणजे चांद्र नववर्ष. २०२५ मध्ये ते २९ जानेवारीला होतं, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. शिवाय ‘देऊ’ हे क्रियापद व्हिएतनामीत ‘सुपूर्द करणं’ या एकाच शब्दात गोदीत पोचवणं, जहाजावर चढवणं, युरोपच्या बंदरात मिळणं, हे सगळं सामावून घेतं. एफओबी पद्धतीत माल जहाजावर चढला की विक्रेत्याची जबाबदारी संपते, आणि डच माणसाच्या मनात मात्र माल घरी पोचण्याची तारीख असू शकते. दुभाषीने काय करावं? अंदाजाने ‘शिपमेंट’ म्हणून मोकळं व्हावं, असा मोह होतो. ती पूर्ण भाषांतर करते आणि मग, स्वतःच्या वतीने, दोन्ही भाषांत सांगते: दुभाषीला खुलासा हवा आहे, टेटच्या आधी म्हणजे जहाजावर चढवण्याची तारीख की पोचण्याची? निर्यातदार उत्तर देतो: जहाजावर, जानेवारीच्या अखेरपर्यंत. खुलाशाला दहा सेकंद लागले. तो झाला नसता, तर करारात एक दुमत जाऊन बसलं असतं.

टेटच्या आसपास सगळेच बंदरावर घाई करतात आणि मजूर गावी जायला निघालेले असतात, हेही तयारीत समजून घेतलेलं असावं लागतं. म्हणूनच तिने नेमक्या याच शब्दापुढे प्रश्नचिन्ह मारलं.

उलट बाजूने

आता आयातदार इंग्रजीत उत्तर देतो. त्याच्या बोलण्यात आकडे कमी आणि अटी जास्त. नमुना मान्य झाला तर २.८८, त्याहून वर नाही, जानेवारीअखेर शेवटची तारीख, उरलेले पैसे कागदपत्रं आल्यावर. इथे वहीत ‘जर’ आणि ‘नाही’ यांना मोठ्या खुणा लागतात. व्हिएतनामीत क्रियापद काळाने बदलत नाही. काळ सांगणारे शब्द ऐच्छिक असतात आणि घाईत गाळले जातात. त्यामुळे इंग्रजीतला पक्का भविष्यकाळ तिकडे नेताना ‘सेय’ हा शब्द, जो ‘करणार’ सांगतो, मुद्दाम घालावा लागतो. नाहीतर ‘आम्ही पैसे देतो’ हे वाक्य ‘दिले’ असंही ऐकू येतं.

उलट वाटेवर ‘चुआ’ आडवा येतो. हा ‘अजून नाही’ असा नकार आहे. ‘नमुने पाठवले का?’ याचं उत्तर ‘चुआ’ असं आलं, तर इंग्रजीत ‘नो’ म्हणून चालत नाही, ‘अजून पाठवले नाहीत’ असं म्हणावं लागतं. नकारार्थी प्रश्नाला होकार मिळाला, तर तो मराठी पद्धतीने नकाराला दुजोरा देणारा होकार असतो. ‘तुम्हाला ही अट मान्य नाही ना?’ ‘हो.’ म्हणजे मान्य नाही. इंग्रजीभाषक नेमका उलट अर्थ काढतो. अशा वेळी दुभाषी एका शब्दाचं उत्तर देत नाही, पूर्ण वाक्य करते.

महिन्यांचंही भान ठेवावं लागतं. ‘थांग बा’ म्हणजे मार्च, ‘बा थांग’ म्हणजे तीन महिने. शब्द तेच, क्रम उलटा. सोमवार आणि ‘दुसरा’ यांना एकच शब्द, आणि ‘नाम’ हा शब्द पाच आणि वर्ष दोन्हींसाठी. वहीत तारखेभोवती चौकोन आणि कालावधीभोवती गोल काढला की वाचताना फसगत होत नाही.

बिघडायला लागलं की कळतं कसं

बहुतेक वेळा बिघाड आधी पानावर दिसतो. खुणा कमी होऊन पूर्ण शब्द वाढू लागले, ओळी एकमेकांना चिकटल्या, डावी पट्टी रिकामी राहिली, की समजावं, कान मागे पडलाय आणि हात शब्द पकडायला धावतोय. त्यावर उपाय एकच: लिहिणं थांबवून ऐकायचं, आणि आकडे-नावं तेवढी टिपायची. वक्त्याला थांबवणं चुकीचं नाही. पण ते वाक्याच्या शेवटी, हात हलकेच वर करून. मधेच तोडलं तर त्याचा धागा तुटतो आणि नंतर तो काय म्हणत होता हे त्यालाही आठवत नाही.

दुसरी खूण समोरच्याच्या उत्तरात असते. प्रश्न भावाचा होता आणि उत्तर ओलाव्याचं आलं, तर चूक बहुधा दुभाषीकडून झालेली असते. अशा वेळी चाचपडत पुढे जाऊ नये. ‘मघाच्या वाक्यातला आकडा मी पुन्हा सांगते’ असं म्हणून दुरुस्त करणं हाच रिवाज. आकड्याची चूक लपवली तर ती करारात छापून येते.

सकाळच्या बैठकीनंतर दुपारचं जेवण असतं, आणि ते काम संपल्याची सूचना नसते. खाताना, बिअरचे ग्लास हातात घेऊन ‘मोत, हाइ, बा’ असं एक-दोन-तीन म्हणत टोस्ट केले जातात आणि त्याच्या जोरावर भावाच्या गोष्टीही निघतात. टेबलावर वही उघडता येत नाही. इथे फक्त स्मरणशक्ती, आणि म्हणूनच नोट्स न घेता पाच मिनिटांचं भाषण ऐकून परत सांगण्याचा सराव टिपणांच्या सरावाच्या आधी असतो. शिकवणाऱ्यांचा क्रम तोच असतो: आधी कागदाशिवाय गोष्ट, मग फक्त आकडे-नावं, मग पट्टी आणि खुणा.

एकटी दुभाषी दिवसभर काम करते तेव्हा चार वाजता तिचा वेग उतरतो. भावाची शेवटची फेरी नेमकी तेव्हा येते. म्हणून विषयपत्रिका ठरताना ती मध्यंतर मागून घेते आणि शक्य असेल तर सकाळीच भाव काढा असं सुचवते. पूर्ण दिवसाच्या महत्त्वाच्या सौद्याला दोन दुभाषी असणं बरं. पण धंदेवाले त्याचा खर्च क्वचितच करतात.

संध्याकाळी दोन भाषांतलं ‘बिएन बान’, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, टेबलावर येतं. नमुन्याच्या सौद्यात २.९० ठरला: पाच कंटेनर, प्रत्येकी १,०१,५०० डॉलर, एकूण ५,०७,५००, त्यातले तीस टक्के म्हणजे १,५२,२५० आगाऊ, माल जानेवारीअखेर जहाजावर. व्हिएतनामी प्रतीत आकडा टिंब घालून, इंग्रजीत स्वल्पविराम घालून. व्हिएतनामी कागदांत रक्कम अक्षरीही लिहायची प्रथा आहे. दुभाषी ती अक्षरी रक्कम दोन्ही भाषांत मोठ्याने वाचते, दोन्ही बाजू आपापल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकतात. मग करार कुठल्या भाषेतला ग्राह्य धरायचा, हे कलम उरतं. ते दुसऱ्या दिवशी वकील ठरवणार असतात. सह्या झाल्यावर दुभाषी वहीची पानं आडवी फाडून कातरणाऱ्या यंत्रात टाकते, कारण त्यांच्यात भाव, अटी आणि कुणी कुठे माघार घेतली हे सगळं आहे. यादीत चार नवे शब्द भरायचे राहिलेले असतात, ते ती घरी गेल्यावर भरते.